रिव्ह्यूअर नंबर दोनला 'नाही' कसं म्हणायचं? चुलीचा धूर, बाळाचं वजन आणि मेजर रिव्हिजन

ओंजळ
मराठवाड्यातल्या एका मेडिकल कॉलेजात कम्युनिटी मेडिसिनमध्ये शिकवते. आमचा पेपर मेजर रिव्हिजन होऊन परत आलाय. विषय थोडक्यात असा: गरोदरपणी चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बायका आणि गॅसवर करणाऱ्या बायका, आणि त्यांच्या बाळांचं जन्मवजन. चुलीच्या गटात २३१, गॅसच्या गटात १९५. आईची उंची, शिक्षण, घरची परिस्थिती, कितवं बाळंतपण वगैरे धरून फरक आला ६२ ग्रॅम, चुलीवाल्यांचा कमी. इंटर्व्हल १३८ ग्रॅम कमी ते १४ ग्रॅम जास्त. पी-व्हॅल्यू ०.११.

एकूण अकरा कॉमेंट. आठ मुकाट्याने मान्य केल्या, त्यातल्या दोन तर आमच्या हलगर्जीपणाच्याच होत्या. उरलेल्या तीन रिव्ह्यूअर दोनच्या, आणि त्या मला पटत नाहीत:

१) "निकाल सिग्निफिकंट नसल्याने लेखकांनी अभ्यासानंतरची पॉवर काढून द्यावी."
२) "गर्भाचे आठवडे हा जन्मवजनाचा सर्वांत मोठा घटक असूनही मॉडेलमध्ये नाही. ही गंभीर चूक आहे."
३) चार पेपरांची यादी, "यांचा संदर्भ घेतल्यास चर्चा समृद्ध होईल". चारही पेपरांत एक नाव सामाईक आहे. कोणाचं, ते सांगायला नको.

दुसऱ्या कॉमेंटला काल रात्री लिहिलेलं उत्तर (मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत देते): "रिव्ह्यूअरने बहुधा आमचा मेथड्सचा भाग वाचलेला नाही. पान ६ वर कारण स्पष्ट दिलेले आहे." सकाळी वाचून माझी मलाच लाज वाटली. पण मुद्दा सोडायचा नाहीये. कसं लिहू?

बाजीराव_निवृत्त
ताई, पस्तीस वर्षं नोकरी केली, एकच सांगतो. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. पॉवर मागितली, द्या. आठवडे घाला म्हणतोय, घाला. चार पेपर टाका खाली. पेपर छापून येतो, प्रमोशनची फाइल पुढे सरकते. नंतर कोण बघतंय?

एक मात्र कामाचं. रिव्ह्यूअरची कॉमेंट आपल्या शब्दांत लिहू नका, जशीच्या तशी चिकटवा, तिच्या चुकांसकट. एकदा मी सारांश करून लिहिली होती. "माझा प्रश्न सोयीस्करपणे बदलला" म्हणून पुढच्या फेरीत दोन पानं ऐकून घ्यावी लागली.

सोनटक्का
माझ्या थिसिसचे एक्स्टर्नल असेच आहेत!! व्हायव्हाच्या आधी चॅप्टर चार पूर्ण बदला म्हणतात. गाईड काहीच बोलत नाहीत. मी लेखी उत्तर देऊ का?

तळटीप
सोनटक्का, तुमचं प्रकरण वेगळं. तिथे गाईड आणि विद्यापीठाचे नियम मध्ये येतात, वेगळा धागा काढा.

ओंजळ, मी बायोस्टॅटिस्टिक्समधला. रिव्ह्यू करतो, आणि काही वर्षं एका जर्नलला असोसिएट एडिटर होतो. त्या खुर्चीत बसल्यावर कळलं की सुधारलेला पेपर मी आधी उघडतच नव्हतो. आधी उत्तराचं पत्र वाचायचो आणि बऱ्याचदा तिथेच मत ठरायचं. तेव्हा तुमचं पत्र रिव्ह्यूअर दोनच्या नावाने असलं, तरी वाचणार एडिटर आहे हे धरून लिहा.

पॉवरचं आधी घेऊ. तुमचं म्हणणं बरोबर आहे. निकाल हाती आल्यावर त्याच फरकावरून काढलेली पॉवर म्हणजे पी-व्हॅल्यूच, फक्त कपडे बदललेली. पी बरोबर ०.०५ असेल तर ही पॉवर जवळजवळ ५० टक्के येते, डेटा कुठलाही असो. तुमच्या ०.११ ला ३६ टक्क्यांच्या आसपास येईल. काढून बघा. म्हणजे नवीन माहिती शून्य. होएनिग आणि हेझी यांनी २००१ साली 'द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन'मध्ये हे नीट मांडलंय. तो एक संदर्भ पुरे, पाच देऊ नका. बाजीरावसाहेब म्हणतात तसं "देऊन टाकलं", तर पुढच्या फेरीत तोच ३६ चा आकडा तुमच्यावर उलटेल: पॉवर इतकी कमी, मग पेपर कशाला?

पण उत्तर लिहिण्याआधी मला एक दाखवा. ॲब्स्ट्रॅक्टचं शेवटचं वाक्य काय आहे?

ओंजळ
"चुलीच्या धुराचा जन्मवजनावर परिणाम होत नसल्याचे आढळले."

तळटीप
इथेच घोडं पेंड खातंय.

तुमचा इंटर्व्हल १३८ ग्रॅमच्या घटीपर्यंत जातो. सॅम्पल साइझ ठरवताना किती ग्रॅमचा फरक धरला होता?

ओंजळ
१२०. एसडी ४०० ग्रॅम धरून, ८० टक्के पॉवरला प्रत्येक गटात १७४. गळती धरून थोड्या जास्त बायका घेतल्या. एथिक्स कमिटीला दिलेल्या प्रोटोकॉलमध्ये आहे, पेपरमध्ये शब्दमर्यादेपायी काढलं.

आणि १२० हे १३८ च्या आत आहे. आलं लक्षात.

तळटीप
हो. तुम्हालाच महत्त्वाचा वाटलेला फरक तुमच्या डेटाने नाकारलेला नाही, आणि तुम्ही लिहिलंय "परिणाम होत नाही". रिव्ह्यूअरला नेमकं हेच खटकलं. त्याने औषध चुकीचं सांगितलं, दुखणं मात्र बरोबर ओळखलं. उत्तरात दुखणं कबूल करा आणि औषधाला नाही म्हणा. वादाच्या बहुतेक कॉमेंटांत मला हेच सापडलंय, म्हणून मी आधी आपल्याच पेपरात ते वाक्य शोधतो ज्याने समोरचा बिथरला.

मी असं लिहिलं असतं:

"हा मुद्दा उपयोगी ठरला. 'परिणाम होत नसल्याचे आढळले' हे आमचे वाक्य डेटाला पेलणारे नव्हते. ते बदलून असे केले आहे: 'चूल वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी ६२ ग्रॅमने कमी होते (९५ टक्के इंटर्व्हल: १३८ ग्रॅम कमी ते १४ ग्रॅम जास्त). १३८ ग्रॅमपर्यंतची घट या अभ्यासातून नाकारता येत नाही.' अभ्यासानंतरची पॉवर मात्र दिलेली नाही, कारण ती पी-व्हॅल्यूवरूनच ठरते आणि इंटर्व्हलपेक्षा अधिक काही सांगत नाही (होएनिग व हेझी, २००१). सॅम्पल साइझचे आधी केलेले गणित मूळ प्रोटोकॉलमधून मेथड्समध्ये आणले आहे."

पहिल्या तीन वाक्यांत बदल, नकार त्यानंतर. नकाराला कारण एकच, तेही एका वाक्यात. "आम्ही सविनय असहमत आहोत" कुठेच नाही. ते पत्रात एकदा चालतं. तीनदा आलं की दात ओठ खाऊन लिहिल्यासारखं वाटतं.

काळी_माती
कृषी विद्यापीठातून. माझंही सांगतो, विषय थोडा वेगळा आहे. नत्राच्या मात्रांचा प्रयोग होता, हेक्टरी ०, ५०, १०० आणि १५० किलो. आम्ही उत्पादनाचा वक्र बसवला होता. रिव्ह्यूअर म्हणे डंकन टेस्ट लावा, प्रत्येक मात्रेवर अ, ब, क अक्षरं द्या. अहो, ५० आणि १०० च्या मध्ये ७५ पण असतात! मात्रा चढत्या असताना दोन-दोन मात्रांची जोडी लावून तुलना करण्यात काय अर्थ? मी दीड पानाचं उत्तर लिहिलं, त्यात संख्याशास्त्राचा इतिहास, आमच्या विभागाची परंपरा, सगळं. नापास! दुसऱ्या जर्नलला पाठवताना आलेखाखालीच एक ओळ टाकली की मात्रा सलग असल्याने वक्र बसवला आहे. तिथे कुणी विचारलंच नाही.

तळटीप यांचं आता वाचून वाटतंय, पहिल्या वेळीही ती ओळ पेपरात असती तर प्रश्नच आला नसता.

बाजीराव_निवृत्त
दीड पान म्हणजे जरा जास्तच झालं हो. पण तळटीप, एडिटर दरवेळी वाचतो हे काही पटत नाही. मला आलेली पत्रं बघता एडिटर नुसता पोस्टमन असतो.

तळटीप
तसेही आहेत. नाकारत नाही.

ओंजळ
पहिली कॉमेंट सुटली. आता दुसरी. आठवडे मॉडेलमध्ये न घेण्याचं आमचं कारण: धुराने दिवस पूर्ण भरण्याआधी प्रसूती होण्याची शक्यता वाढत असेल, तर वजन घटण्याची ती एक वाटच आहे. आठवडे घातले की तीच वाट बंद होते, आणि आम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. उत्सुकतेपोटी घालून पाहिलं, फरक ६२ वरून ४४ वर आला, इंटर्व्हल १०५ कमी ते १७ जास्त.

लेबररूम
स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, स्टॅटिस्टिक्स बेताचं. पण ताई, मला तुमचा रिव्ह्यूअर समजतो. ३४ आठवड्यांचं बाळ १९०० ग्रॅमचं आणि ३९ आठवड्यांचं १९०० ग्रॅमचं, ही माझ्यासाठी दोन वेगळी बाळं आहेत. पहिलं लवकर आलंय, दुसरं पोटातच वाढलेलं नाही. तुम्ही दोघांना एकाच तराजूत टाकलंत तर धुराने नक्की काय केलं, ते मला कसं कळणार?

तळटीप
डॉक्टर, तुमचा प्रश्न चांगला आहे, पण तो दुसरा प्रश्न आहे. ओंजळ विचारतायत की धुरामुळे एकूण किती वजन घटतं, मग ते कुठल्याही वाटेने असो. तुम्ही विचारताय की लवकर प्रसूतीची वाट वगळून किती. हा दुसरा आकडा काढायला आठवडे नुसते मॉडेलमध्ये टाकून भागत नाही. समजा, आईला एखादा संसर्ग झाला, जो आपण मोजलेला नाही. त्याने दिवस भरण्याआधी प्रसूती होते आणि वजनही घटतं. आता ३४ आठवड्यांच्या बाळांचीच तुलना करा. गॅसवालीचं बाळ लवकर आलं तर त्यामागे संसर्ग असण्याची शक्यता जास्त, चूलवालीच्या बाळामागे नुसता धूरही असू शकतो. म्हणजे त्या खणात गॅसवाल्यांच्या बाजूला जास्त आजारी आया गोळा होतात आणि धूर उगाच निरुपद्रवी दिसतो.

हे पुस्तकी नाही. कमी वजनाच्या बाळांमध्ये सिगारेट ओढणाऱ्या आयांच्या बाळांचा मृत्यूदर कमी दिसायचा, आणि १९७० च्या दशकात त्यावर लोकांनी डोकी फोडून घेतली. हर्नांडेझ-डियाझ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये कारणांचे बाण काढून दाखवलं की असा उलटा निकाल नुसत्या या खणपाडणीतूनही येऊ शकतो. रिव्ह्यूअरला हाच संदर्भ द्या. विषय जन्मवजनाचाच असल्याने त्याला परका वाटणार नाही.

ओंजळ, पान ६ वरचं "स्पष्ट दिलेलं कारण" जरा इथे टाका.

ओंजळ
"गर्भाचे आठवडे मध्यस्थ घटक असल्याने समाविष्ट केले नाहीत."

एवढंच. 😐

तळटीप
आठ शब्द! मीही चुकवले असते. आता तिथे चार ओळी लिहा, बाणांची आकृती पुरवणीत टाका, आणि उत्तराची सुरुवात अशी करा: "आठवडे का घेतले नाहीत, हे मूळ मसुद्यात एका त्रोटक वाक्यात होते. ते सविस्तर केले आहे." रिव्ह्यूअरने वाचलं नाही असं म्हणायची गरज उरत नाही, आणि खोटंही बोलावं लागत नाही. त्यानंतर: "वजनाशी आठवड्यांचा संबंध सर्वांत मोठा आहे, याबाबत आम्ही रिव्ह्यूअरशी सहमत आहोत. मात्र धुराचा एकूण परिणाम मोजायचा असल्याने त्या वाटेवरचा घटक स्थिर ठेवणे आमच्या प्रश्नाशी जुळत नाही." 'गंभीर चूक' या शब्दांना उत्तर देऊच नका. ते विशेषण त्याच्याकडेच राहू द्या.

४४ चा तक्ता पुरवणीत द्या. मथळ्यातच लिहा की हा एकूण परिणाम नाही.

लेबररूम
इथे माझी हरकत आहे. तक्ता दिलात की लोक तोच उचलणार. उद्या कुणी सगळे अभ्यास एकत्र करायला बसलं की तुमचा ४४ घेईल, मथळा कोण वाचतो? चुकीचा वाटतो तर देऊ नका. द्यायचाच तर मग तो चुकीचा आहे असं म्हणू नका.

आणखी एक. आठवडे कशावरून धरले? शेवटच्या पाळीच्या तारखेवरून असेल तर आमच्याकडच्या निम्म्या बायका सणावरून तारीख सांगतात. "पोळ्याच्या आसपास."

ओंजळ
डॉक्टर, बरोबर पकडलंत. १५८ जणींची पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी आहे, बाकीच्यांची फक्त पाळीची तारीख, तीही आशाताईंच्या वहीतून. पोळा आहे, दिवाळी आहे, एके ठिकाणी "मोठ्या दिराच्या लग्नानंतर" असंही आहे.

तळटीप
मग हे उत्तरात आलंच पाहिजे, पण दुय्यम कारण म्हणून. मुख्य कारण केलंत तर रिव्ह्यूअर म्हणेल, "मग १५८ जणींवर करा", आणि तुमचा बाणांचा मुद्दा बाजूला पडेल. दोन कारणं दिली की समोरचा कच्चं कारण धरतो.

तक्त्याबद्दल डॉक्टरांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मी तरी देतो, कारण मागितलेलं विश्लेषण करूनच पाहिलं नाही असं वाटलं तर एडिटर अडतो. पण याला नियम नाही.

सोनटक्का
चार पेपरांचं काय झालं? मला त्यातच जास्त इंटरेस्ट आहे 😄

बाजीराव_निवृत्त
टाका म्हणतो मी. दोन ओळींचा प्रश्न.

तळटीप
चारही उघडून वाचा. एखादा खरंच कामाचा असेल तर घ्या, नसेल तर नाही. उत्तर एवढंच: "सुचवलेले पेपर वाचले. त्यांपैकी घरातील धूर मोजण्याच्या पद्धतीविषयीचा पेपर चर्चेत घेतला आहे. उर्वरित तीन आमच्या विषयाशी थेट संबंधित नसल्याने घेतलेले नाहीत." नाव सामाईक आहे वगैरे पत्रात चुकूनही नको, ते रिव्ह्यूअरपर्यंत जातं. एडिटरला गोपनीय टिपण लिहायची वेगळी जागा असते, तिथे एक वाक्य पुरे. संबंध नसताना स्वतःचे संदर्भ घुसडायला लावणं रिव्ह्यूअरच्या आचारसंहितेत बसत नाही, एडिटरला ते माहीत असतं.

त्या चार पेपरांपेक्षा तुम्हाला एक वेगळाच संदर्भ हवाय. हापिन चाचणीचा उल्लेख केलाय का? ग्वाटेमाला, भारत, पेरू आणि रवांडा, सुमारे ३२०० गरोदर बायका, निम्म्यांना गॅस दिला, बाकीच्या लाकूडफाट्यावरच. भारतातलं काम तमिळनाडूत झालं. २०२२ मध्ये निकाल छापून आला: गॅसवाल्यांच्या बाळांचं वजन सुमारे २० ग्रॅमच जास्त, आणि इंटर्व्हलच्या आत शून्य.

ओंजळ
केलाय, पण "आमच्या निकालाला पुष्टी मिळते" असं लिहून. आता वाटतंय हेही बदलायला हवं.

तळटीप
हो. त्यांनी चिठ्ठ्या टाकून गट पाडले, तुमच्याकडे बायकांनी आधीच चूल किंवा गॅस निवडलेला. शिवाय त्यांचा गॅस गरोदरपणातच मिळालेला, तुमच्या काही बायकांकडे लग्नापासून असेल. "विसंगत नाही" इतकंच म्हणता येईल. आणि हा बदल रिव्ह्यूअरने न मागता केलात तर पत्राच्या शेवटी "आम्ही स्वतःहून केलेले बदल" असा मथळा देऊन त्याखाली लिहा. गुपचूप केलेला बदल सापडला की उरलेल्या अकरा उत्तरांवरही संशय येतो.

ओंजळ
सगळ्यांची आभारी आहे. आजची स्थिती सांगते. पत्र नऊ पानांचं होतं, साडेपाचवर आलं. प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीचं "मौल्यवान सूचनेबद्दल आभार" काढलं, फक्त वर एकदा ठेवलं. को-ऑथर सरांना ते उद्धटपणाचं वाटतंय. त्यांच्या मते अकराही ठिकाणी आभार हवेतच. सर एचओडी आहेत, बघू.

सबमिट करण्याआधी पीडीएफ उघडली तर पत्रातले ओळींचे आकडे चुकलेले. मी ट्रॅक चेंजेसवाल्या फाइलवरून लिहिले होते आणि स्वच्छ प्रतीत सगळं सोळा ओळींनी वर सरकलंय. आता प्रत्येक आकड्यापुढे 'स्वच्छ प्रत' असं लिहून पुन्हा मोजत बसलेय.

४४ चा तक्ता अजून ठरत नाही. डॉक्टरांचं वाचलं की काढते, तळटीप यांचं वाचलं की परत टाकते.

लेबररूम
टाकलात तर निदान सोनोग्राफीवाल्या १५८ जणींचा वेगळा स्तंभ द्या. पोळ्याच्या तारखा त्यात मिसळू नका.

काळी_माती
आमच्याकडे पोळा पिठोरी अमावास्येला असतो, तारीख पक्की निघते हो. "आसपास"चंच काय ते बघा.